पाडव्याआधीच्या शनिवार-रविवारी भांड्यांचा सेल: कॅप्शन काय लिहू आणि कुठल्या वारी काय टाकू?

वर्षा_आनंदनगर · शुक्रवार, दुपारी 3:10

नमस्कार मंडळी. सिंहगड रोडला आनंदनगरात आमचं भांड्यांचं दुकान आहे. सासरे गल्ल्यावर बसतात, माल आणि मोबाईलवरचं सगळं मी बघते. पाडवा गुरुवारी, 19 मार्चला आहे. त्याच्या आधीच्या शनिवार-रविवारी, म्हणजे 14 आणि 15 मार्चला आम्ही सेल ठेवतोय. सगळ्या दुकानावर सूट नाही, चारच वस्तूंवर आहे: बिडाचा 10 इंची तवा, अडीच लिटरची ट्रायप्लाय कढई, पुरणयंत्र आणि गुढीवर ठेवायचा तांब्याचा गडू.

इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर आमचं पान आहे, दुकानाच्या नंबरावर व्हॉट्सॲप बिझनेस आहे. मी लिहिलेलं कॅप्शन असं आहे:

"🎉🎉 धमाका सेल! पुणेकरांनो, तयार आहात ना? उद्यापासून फक्त दोन दिवस! किचनवेअरवर भरघोस सूट! त्वरा करा, अशी संधी पुन्हा नाही! किमतीसाठी मेसेज करा. #pune #sale #kitchen #offer"

हे बरोबर वाटतंय का? दुसरं, सोमवारपासून रविवारपर्यंत कुठल्या वारी काय टाकायचं? सासऱ्यांचं म्हणणं असं की आधीपासून सेल सेल म्हणून सांगत बसलं तर मधल्या दिवसांत कोणी काही घेणारच नाही, सगळे शनिवारची वाट बघतील. त्यांचं म्हणणं मला पटतं, पण शुक्रवारी रात्री सांगितलं तर शनिवारी सकाळपर्यंत किती जणांना कळणार?

---

बापू_रविवारपेठ · शुक्रवार, दुपारी 4:45

वर्षाताई, आमचा होलसेलचा धंदा आहे, रविवार पेठेत वडिलांपासून. सरळ सांगतो. इन्स्टाग्रामच्या भानगडीत पडू नका, व्हॉट्सॲप पुरे. ब्रॉडकास्ट लिस्ट करा, एकच फोटो बनवा, त्यात चारही वस्तू, तारीख, पत्ता, फोन सगळं घाला आणि गुरुवारी सोडून द्या. एका बटणात सगळ्यांना जातं. तो फोटो पुढे सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतो. कॅप्शन कोण वाचतंय?

आणि किंमत अजिबात लिहू नका. लिहिलीत की समोरचा दुकानदार दहा रुपये कमी लावणार. माणूस दुकानात आला की मग भाव सांगायचा.

---

गौरी_बाणेर · शुक्रवार, संध्याकाळी 6:02

बिडाच्या तव्याचा विषय निघालाच आहे तर विचारते. मी मागच्या महिन्यात एक आणलाय आणि पहिल्या दिवसापासून डोसा चिकटतोय. भरपूर तेल लावून गरम केला, तर आता वर एक चिकट पिवळट थरच बसलाय, हात लावला की बोट चिकटतं. दुकानदार परत घेत नाहीये. काय करू?

---

मुळाकाठ · शुक्रवार, रात्री 9:30

गौरी, तुमच्या तव्याकडे येतोच. तो या धाग्याच्या फार कामाचा आहे.

वर्षा, मी छोट्या दुकानांची सोशल मीडियाची कामं करतो: साड्या, फरसाण, दोन भांडीवालेसुद्धा. तुमच्या कॅप्शनमधला सगळ्यात महागात पडणारा शब्द "उद्यापासून" आहे.

इन्स्टाग्राम आणि फेसबुक पोस्टी टाकल्या त्या क्रमानं दाखवत नाहीत. शुक्रवारी टाकलेली पोस्ट कोणाला शुक्रवारीच दिसेल, कोणाला रविवारी संध्याकाळी, कोणाला मंगळवारी. रविवारी वाचणाऱ्याला "उद्यापासून" म्हणजे सोमवार वाटेल. तो सोमवारी कढई घ्यायला येईल आणि तुमच्या सासऱ्यांशी वाद घालेल. त्यामुळे फीडवर जाणाऱ्या कुठल्याही पोस्टमध्ये आज, उद्या, परवा, फक्त दोन दिवस, हे शब्द वापरू नका. वार आणि तारीख दोन्ही लिहा: शनिवार 14 आणि रविवार 15 मार्च.

आज-उद्या लिहायची जागा वेगळी आहे. इन्स्टाग्रामची स्टोरी आणि व्हॉट्सॲपचं स्टेटस 24 तासांनी आपोआप जातं. "सकाळचे तवे संपले, दुपारी चारला नवे येतायत" हे तिथे. आठवड्याचं अख्खं वेळापत्रक या एका फरकावर बसतं. टिकणारी माहिती फीडवर, तीही तारखेसकट आणि आधी. शिळी होणारी माहिती स्टोरीवर आणि स्टेटसवर, त्या त्या वेळी.

दुसरी गोष्ट कॅप्शनच्या सुरुवातीची. इन्स्टाग्रामवर कॅप्शनच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं "more" दाबल्यावर. तुमच्या त्या ओळींत धमाका आहे, पुणेकर आहेत, पण तवा नाही, किंमत नाही, जागा नाही. म्हणजे ज्याला तवा हवाय त्यालाही कळणार नाही की ही पोस्ट त्याच्यासाठी आहे. असं लिहून बघा:

"बिडाचा 10 इंची तवा ₹1150 ऐवजी ₹950. शनिवार 14, रविवार 15 मार्च. आनंदनगर, सिंहगड रोड."

आकडे मी माझ्या मनाचे टाकलेत, तुमचे घाला. या एवढ्यात वस्तू, माप, जुना भाव, नवा भाव, कधी, कुठे, सगळं आलं. वजन, इंडक्शनवर चालतो का, दुकानाची वेळ, फोन, हे सगळं त्याखाली सावकाश लिहा.

एका पोस्टमध्ये एकच वस्तू. चारही एकत्र टाकल्या की फोटोत प्रत्येक वस्तू अंगठ्याएवढी दिसते आणि पहिल्या ओळीत कोणाला बसवायचं हा प्रश्न उरतोच.

आता गौरी. तुमचा तवा बिघडलेला नाही. तेल जास्त झालं आणि ताप कमी पडला की ते अर्धवट जमतं आणि चिकट राहतं. गरम पाणी, थोडा साबण आणि तारेची घासणी घेऊन तो थर पूर्ण काढा. तवा गॅसवर ठेवून खडखडीत वाळवा. मग चमचाभरच तेल घ्या, सगळीकडे चोळा आणि कोरड्या फडक्यानं असं पुसा की तेल लावलंच नाही असं वाटावं. मध्यम आचेवर धूर निघून थांबेपर्यंत तापवा, गार होऊ द्या आणि असं चार-पाच वेळा करा. थर काळा आणि कोरडा झाला पाहिजे, बोट चिकटता कामा नये. सुरुवातीला भाकरी, घावन करा. टोमॅटो, चिंच काही दिवस लांब ठेवा.

वर्षा, हेच तुमचं मंगळवारचं पोस्ट. "नव्या बिडाच्या तव्याला डोसा चिकटतोय? तेल जास्त लागलंय." सेलचं नावही काढायचं नाही. ज्यांना तव्यात रस आहे ते थांबून बघतील, ठेवून घेतील, बहिणीला पाठवतील. गुरुवारी तव्याच्या भावाचं पोस्ट पडेल तेव्हा ते याच लोकांना दिसण्याची शक्यता जास्त. शिवाय सासऱ्यांची भीतीही राहत नाही, कारण मंगळवारी तुम्ही सेल जाहीर केलेलाच नाही.

---

गौरी_बाणेर · शुक्रवार, रात्री 9:58

बाप रे, एवढं सविस्तर! उद्याच घासायला घेते. दुकानदारानं विकताना दोन वाक्यं सांगितली असती तर महिनाभर चिडचिड झाली नसती. वर्षाताई, हे पोस्ट नक्की टाका.

---

निखिल_को · शनिवार, सकाळी 8:40

वकिली करतो, ग्राहक मंचातली प्रकरणं बघतो, म्हणून एक-दोन गोष्टी.

"₹1150 ऐवजी ₹950" लिहिताना 1150 हा तुम्ही खरोखर लावत होतात तोच भाव असला पाहिजे. सेलसाठी आधी चढवून मग उतरवलेला नको. छापील किंमत 1400 असेल आणि तुम्ही रोज 1150 ला विकत असाल, तर 1400 शी तुलना करताना "छापील किंमत" असं स्पष्ट लिहा.

"अशी संधी पुन्हा नाही" काढून टाका. अक्षय्य तृतीयेला तुम्ही परत सेल लावणार असाल तर ते वाक्य खोटं ठरतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्र सरकारची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. कमी भावाचं आमिष दाखवून प्रत्यक्षात त्या भावाला पुरेसा माल न ठेवणं त्यात स्पष्टपणे आक्षेपार्ह धरलंय. तवे 40 च असतील तर "40 नग" असं लिहा. ते तुमच्याही फायद्याचं आहे.

---

वर्षा_आनंदनगर · शनिवार, सकाळी 11:15

सगळ्यांचे मनापासून आभार. मुळाकाठ, तुमचा मुद्दा लख्ख समजला.

तव्याचा आमचा रोजचा भाव खरंच 1150 आहे, योगायोगच म्हणायचा. सेलमध्ये 950 लावणार. नग 40 नाहीत, 36 आहेत. कढई 2400 ची 1990 ला, पुरणयंत्र 450 चं 380 ला. गडूचं अजून ठरत नाहीये.

बापूकाका, किंमत न लिहिण्याबद्दल मात्र मन द्विधा आहे. समोर खरंच दुसरं दुकान आहे.

---

ऋतुजा_पौडरोड · शनिवार, दुपारी 12:30

मी निव्वळ गिऱ्हाईक म्हणून सांगते. "किमतीसाठी मेसेज करा" दिसलं की मी पुढे जाते. मेसेज करायचा, उत्तराची वाट बघायची, मग परवडत नसेल तर नाही म्हणायचं, यात अवघडल्यासारखं होतं. पौड रोडवरून आनंदनगरला यायचं तर मला घरूनच कळायला हवं की 1990 ची कढई आहे की 3500 ची.

आणखी दोन गोष्टी कोणी लिहीतच नाही. एक, माप. "मोठी कढई" म्हणजे किती? चार माणसांची भाजी होईल का, हे लिहा. दोन, गाडी कुठे लावायची. जवळ जागा असेल तर "दुचाकी दुकानासमोर, चारचाकी मागच्या गल्लीत" एवढं एक वाक्य माझ्यासाठी वीस टक्के सवलतीपेक्षा मोलाचं आहे. आणि दुपारी दुकान बंद असतं का, तेही.

---

बापू_रविवारपेठ · शनिवार, दुपारी 1:20

ऋतुजाताई, तुमचं खरं आहे. किरकोळ गिऱ्हाईकाला भाव लागतो. आमच्या होलसेलला रोज भाव बदलतो, म्हणून आमची सवय वेगळी. मी शब्द मागे घेतो, पण अर्धाच. गडूचा भाव लिहिताना जपा.

तांबं आम्ही वजनावर घेतो. हातानं ठोकलेला गडू असेल तर एकाच मापाचे दोन गडू वजनाला सारखे भरत नाहीत, दहा-वीस ग्रॅम इकडे तिकडे. गिऱ्हाईक जुनं तांबं मोडीत घेऊन आलं आणि तुम्ही "20 टक्के सूट" लिहिलेलं असेल, तर तो विचारणार, 20 टक्के कशावर? धातूवर, मजुरीवर की मोड वजा करून उरलेल्यावर? तिथे भांडण होतं. टक्के लिहू नका. नगाला भाव लिहा आणि "मोड घेतली जाईल, मोडीचा भाव दुकानात" असं वेगळ्या ओळीत लिहा.

फोटोवर सगळी माहिती असावी, हे मात्र मी सोडणार नाही. फोटो फिरतो, कॅप्शन मागे राहतं.

---

मुळाकाठ · शनिवार, संध्याकाळी 7:05

बापूकाका, गडूचं तुम्ही सांगितलंत ते मला माहीत नव्हतं. पुढच्या वेळी माझ्या गिऱ्हाइकांनाही सांगेन.

फोटोबद्दल तुमचं म्हणणं व्हॉट्सॲपसाठी शंभर टक्के बरोबर आहे. सोसायटीच्या ग्रुपवर नुसता फोटो पोचतो, कोणीतरी स्क्रीनशॉट काढून टाकतं, खालचा मजकूर गळतो. पण इन्स्टाग्रामवर पोस्ट टाकल्यावर कॅप्शन कधीही सुधारता येतं, फोटो बदलता येत नाही. तवे रविवारी दुपारी संपले तर कॅप्शनच्या पहिल्या ओळीत "तवे संपले, कढया आहेत" लिहिता येईल. फोटोवर ₹950 कोरलेलं असेल तर ते तसंच राहणार आणि ती पोस्ट जूनमध्येही कोणालातरी दिसणार.

म्हणून फोटो दोन करा. इन्स्टाग्राम-फेसबुकसाठी तव्याचा स्वच्छ फोटो, अक्षरं नाहीत, भाव कॅप्शनमध्ये. व्हॉट्सॲपसाठी त्याच फोटोवर वस्तू, भाव, "14 व 15 मार्च", पत्ता. तारीख फोटोवर असलीच पाहिजे, कारण हा फोटो महिन्याभरानंही कुठल्यातरी ग्रुपवर उगवेल.

ब्रॉडकास्टबद्दल एक दुरुस्ती. ते सगळ्यांना जात नाही. ज्यांनी दुकानाचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच पोचतं, आणि एका यादीत 256 च नंबर बसतात. स्टेटसला तर दोन्हीकडून नंबर सेव्ह हवा. गल्ल्यावर वहीत लिहून घेतलेले नंबर तुमच्या फोनमध्ये असतात, पण त्या बाईंच्या फोनमध्ये दुकान नसतं. तुम्हाला वाटतं दोनशे जणांना गेलं, प्रत्यक्षात मेसेजखाली दोन टिका फार थोड्यांच्या येतात. मेसेजवर बोट दाबून धरून माहिती उघडली की कोणाकोणाला पोचलं ते दिसतं. एकदा बघाच.

यावर उपाय गल्ल्यावरच आहे. या आठवड्यात बिल करताना सासऱ्यांनी प्रत्येकाला एवढंच म्हणावं: "नंबर सेव्ह करून आम्हाला एक हाय पाठवा, पाडव्याचे भाव तुम्हाला आधी कळवू." त्यांच्या हायमुळे तुमच्याकडे नंबर येतो, त्यांच्याकडे तुमचा राहतो.

---

वर्षा_आनंदनगर · शनिवार, रात्री 10:20

आत्ताच तपासलं. होळीच्या वेळचा मेसेज उघडून बघितला. निम्म्यांनाही पोचला नव्हता. मला वाटत होतं लोक बघून सोडून देतात.

आता वारांचं सांगा. रोज टाकायचं का? मला दुकानातून तेवढा वेळ मिळत नाही.

---

मुळाकाठ · रविवार, सकाळी 9:15

रोज नको. फीडवर आठवड्याला तीन, सेलच्या आठवड्यात चार. तुमच्यासाठी असं लावतो.

सोमवारी काही टाकायचं नाही. त्या दिवशी फोटो आणि मजकूर तयार करून मेटा बिझनेस सूट या ॲपमध्ये पोस्टी वेळ लावून ठेवायच्या. इन्स्टाग्राम आणि फेसबुकचं एकाच वेळी लावता येतं, ते फुकट आहे. शनिवारी दुकानात गर्दी असताना तुम्ही कॅप्शन लिहू शकणार नाही, म्हणून सोमवार.

मंगळवारी तव्याचं, गौरीताईंच्या प्रश्नावरचं. हा व्हिडिओ करा. चमचाभर तेल, फडक्यानं पुसणं, धूर निघणं, एवढंच. दुकानात गॅस नसेल तर घरी करा. मागे सिनेमाचं गाणं लावू नका. बिझनेस अकाउंटला अशी गाणी वापरायची मुभा नसते आणि आवाज काढून टाकला जाऊ शकतो. तव्यावर पाण्याचे थेंब पडल्यावरचा चर्र आवाज कुठल्याही गाण्यापेक्षा चांगला.

बुधवारी कढई. तुमच्या हातात एक लोहचुंबक घ्या आणि कढईच्या बुडाला लावा. टक् करून चिकटला पाहिजे. "इंडक्शनवर चालेल का, हे घरी बघायची पद्धत" एवढं कॅप्शन. सेलचं नाव इथेही नाही. आधी स्वतः करून बघा मात्र. चुंबक नीट चिकटत नसेल तर ती कढई इंडक्शनवर चालत नाही, मग हे पोस्ट टाकू नका आणि विकतानाही तसंच सांगा.

गुरुवारी संध्याकाळी आठच्या सुमारास सेल जाहीर. तव्याचं पोस्ट, भावासकट. शनिवार-रविवारचे बेत लोक गुरुवार-शुक्रवारी ठरवतात आणि तुमच्या सासऱ्यांचं नुकसान झालंच तर एका शुक्रवारचं होईल. व्हॉट्सॲपचा फोटोही त्याच वेळी.

शुक्रवारी गडू आणि पुरणयंत्र एकत्र, "पाडव्याची तयारी" म्हणून. एका पोस्टमध्ये एकच वस्तू म्हटलं होतं, पण या दोन वस्तू घेणारं घर एकच असतं.

शनिवार-रविवारी फीडवर नवीन काही नाही. फक्त स्टोरी आणि स्टेटस: सकाळी दुकान उघडताना, दुपारी काय उरलंय ते, रविवारी संध्याकाळी "नऊपर्यंत उघडं". आणि सोमवारी सकाळी सगळ्या कॅप्शनची पहिली ओळ बदला: "सेल 15 मार्चला संपला. आताचा भाव ₹1150." हे बहुतेक दुकानदार करत नाहीत आणि मग पुढे दोन महिने फोनवर जुन्या भावाची हुज्जत चालते.

एक तांत्रिक गोष्ट. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये लिंक टाकली तर ती दाबता येत नाही. स्टोरीवर लिंकचा स्टिकर लावा किंवा बायोमध्ये द्या. फेसबुक आणि व्हॉट्सॲपवर चालते. लिंक अशी करा:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=TAVA-INSTA
```

X च्या जागी दुकानाचा नंबर. फेसबुकसाठी शेवटी `TAVA-FB`. माणसानं लिंक दाबली की तोच शब्द मेसेजच्या चौकटीत आधीच लिहिलेला असतो, त्यानं नुसतं पाठवायचं. न विचारता तुम्हाला कळतं कोण कुठून आलं. जे थेट दुकानात येतात त्यांना गल्ल्यावर "कुठे बघितलंत?" विचारून वहीत एक रेघ मारा. आवडलंचे बदाम मोजून काही कळत नाही, तवे कोणत्या पोस्टनं गेले ते या रेघांवरून कळेल.

---

प्रथमेश_केक · रविवार, सकाळी 11:40

माझा अनुभव वेगळा आहे. मी घरून केक करतो, रोज दोन पोस्ट टाकतो आणि ऑर्डरी येतात. कमी टाकलं की लोक विसरतात. तीनच पोस्ट म्हणजे फारच कमी नाही का?

---

मुळाकाठ · रविवार, दुपारी 12:25

प्रथमेश, तुमचा रोजचा केक वेगळा असतो, त्यामुळे रोज दाखवायला नवं असतं. ऑर्डर देणारा वाढदिवसाच्या आदल्या आठवड्यात जागा होतो, म्हणून रोज समोर असणं तुम्हाला उपयोगी पडतं. बिडाचा तवा माणूस दहा वर्षांतून एकदा घेतो. वर्षाताईंनी रोज तव्याचे फोटो टाकले तर लोक पान बघायचं सोडतील. हे माझं मत आहे. माझ्या दोन भांडीवाल्यांपैकी एकाला तीन पोस्टींचा फायदा झाला, दुसऱ्याला फारसा फरक पडला नाही.

---

वर्षा_आनंदनगर · रविवार, रात्री 9:50

आज दुकान बंद झाल्यावर सासऱ्यांसोबत बसून सगळं लिहून काढलं. चुंबक चिकटला, अगदी टक् करून! सासऱ्यांनीच लावून बघितला. गुरुवारचं कॅप्शन असं केलंय:

"बिडाचा 10 इंची तवा ₹1150 ऐवजी ₹950. शनिवार 14, रविवार 15 मार्च. आनंदनगर, सिंहगड रोड.

वजन साधारण दोन किलो, गॅस आणि इंडक्शन दोन्हींवर चालतो. एकूण 36 नग आहेत. तवा घेताना तो तयार कसा करायचा ते दुकानात दाखवू, डोसा चिकटला तर फोन करा.

वेळ सकाळी 10 ते रात्री 9, दुपारीही उघडं. दुचाकी दुकानासमोर, चारचाकी मागच्या गल्लीत."

आणि गडूचं बापूकाकांच्या सल्ल्यानं: "गुढीचा तांब्याचा गडू, मध्यम, नगाला ₹640 ऐवजी ₹560. जुन्या तांब्याची मोड घेतली जाईल, मोडीचा भाव दुकानात."

एका प्रश्नावर घरात एकमत होत नाहीये. बुधवारी कोणी 1150 देऊन तवा नेला आणि गुरुवारी 950 चं पोस्ट बघितलं तर? सासरे म्हणतात, व्यवहार झाला तो झाला. मला वाटतं निदान त्या आठवड्यातल्यांना फरक परत द्यावा.

---

निखिल_को · रविवार, रात्री 10:15

फरक परत देण्याचं कायदेशीर बंधन नाही. भाव त्या दिवशी खरा होता आणि बिल दिलेलं आहे.

---

ऋतुजा_पौडरोड · रविवार, रात्री 10:31

बंधन नसेल, पण माझे दोनशे रुपये गेले असते तर मी त्या दुकानात परत गेले नसते. पैसे नको देऊ दे, पुढच्या खरेदीत वळते करा.

---

बापू_रविवारपेठ · सोमवार, सकाळी 9:05

माझं सासऱ्यांना अनुमोदन. एकाला परत दिलेत की मागच्या महिन्यात घेणारा पण बिल घेऊन येईल. कुठे थांबणार?

पण ताई, एक करता येईल. तवा मंगळवार-बुधवारी कोणी मागितला तर सासऱ्यांनी तोंडी सांगावं, शनिवारी भाव कमी होणार आहे, घाई नसेल तर थांबा. थांबणारा थांबेल. ज्याला आजच हवाय तो 1150 देईल आणि नंतर तक्रार करणार नाही. पोस्टमध्ये नाही लिहायचं, गल्ल्यावर सांगायचं.

---

वर्षा_आनंदनगर · सोमवार, दुपारी 2:40

बापूकाका, सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, तवा आणि कढईला सांगतो, पुरणयंत्राच्या सत्तर रुपयांसाठी नाही सांगणार. मला ते अजून पटलेलं नाही. बघू.

मंगळवारचा आणि बुधवारचा व्हिडिओ वेळ लावून ठेवलाय. गौरी, तुमचा तवा घासून झाला का? चिकट थर निघताना एखादा फोटो काढला असेल तर पाठवाल का? तुमचं नाव न देता मंगळवारच्या व्हिडिओच्या सुरुवातीला लावेन.

---

गौरी_बाणेर · सोमवार, दुपारी 3:25

घासलाय, तीनदा तापवून झालाय. कडेला अजून एक पिवळा डाग आहे, मध्ये मात्र काळाभोर झालाय. घासण्याआधीचा आणि आत्ताचा, दोन्ही फोटो व्यनि करते. नाव दिलंत तरी चालेल.